कालव्याच्या गेटचा खालचा गर्डर दर पावसाळ्यात वाकतो: गेटवरचा भार नेमका कुठे बसतो ते तपासा

तक्रार ओळखीची आहे. कालव्याच्या तोंडाशी पाणी सोडणाऱ्या हेड रेग्युलेटरचं उभं सरकतं गेट, रुंदी २ मीटर, उंची ३ मीटर. पाण्याच्या बाजूला स्किन प्लेट, कालव्याच्या बाजूला तीन आडवे गर्डर, तिन्ही आयएसएमसी १२५ चे, म्हणजे १२५ मिलीमीटर खोलीच्या स्टील चॅनलचे. वर ब्रेस्ट वॉल, त्यामुळे पूर आला तरी पाणी गेटवरून सांडत नाही, भिंतीला टेकून वर चढतं. पावसाळा संपून पहिलं आवर्तन सोडायची वेळ आली, की तळाशी मधोमध पाण्याची चादर सुटलेली दिसते. गेट वर काढून पाहावं तर खालचा गर्डर कालव्याच्या बाजूला पोट काढून बसलेला. वरचे दोन जवळपास सरळ.

मग फॅब्रिकेटर येतो. गॅसने तापवून, जॅक लावून गर्डर सरळ करतो, तळाचं रबर बदलतो, रंगाचा एक हात मारतो. पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा तेच. दोन-तीनदा असं झालं की कुणीतरी ‘मटेरियल हलकं आलं’ म्हणतं, कुणी गेट ऑपरेटरवर ढकलतं, की त्याने स्क्रू जास्त आवळला म्हणून. बहुतेक वेळा दोघांचाही दोष नसतो. तिन्ही गर्डर सारख्या अंतरावर बसवलेत आणि भार तिघांत सारखा वाटला जाईल असं धरलंय, गडबड तिथे आहे.

आधी खरंच हेच दुखणं आहे का ते बघा

गेट कोरडं असताना प्रत्येक गर्डरच्या दोन टोकांना दोरी ताणून बांधा आणि मधोमध दोरी व गर्डर यांच्यातलं अंतर मोजा. स्टीलची पट्टी पुरते. फक्त खालचा गर्डर वाकलेला असेल आणि वर जाताना वाक कमी होत गेला असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. तिन्ही सारखेच वाकले असतील तर मूळ सेक्शनच लहान आहे. गेट एका कोपऱ्यात पिळल्यासारखं असेल तर खाचेत दगड किंवा लाकूड अडकलं असताना हॉइस्ट ओढला गेलाय, त्याचा या हिशोबाशी संबंध नाही.

दुसरं माप भरल्या पाण्यात घ्यायचं. कालव्याच्या बाजूने उतरता येत असेल तर पाणी गेटच्या माथ्यापर्यंत असताना हीच दोरी पुन्हा लावा. वरच्या गर्डरला जेमतेम १ मिलीमीटर, मधल्याला साडेतीनच्या पुढे आणि खालच्याला ६ मिलीमीटर वाक दिसला, तर भाराचं वाटप कसं आहे ते गेटनेच सांगितलं. पाणी उतरल्यावर हा वाक निघून जात असेल तर तो तात्पुरता, लवचिक वाक आहे. पण ६ मिलीमीटर म्हणजे तळाचं रबर, ते ज्यावर टेकतं त्या सिल बीमवरून मधोमध पुढे सरकायला पुरेसं आहे. म्हणजे गर्डर कायमचा वाकलेला नसतानाही गळती सुरू होऊ शकते. अशा वेळी रबर बदलत बसण्यात पैसे जातात, बाकी काही होत नाही.

गेटवर किती टन आणि कुठे

जुन्या पद्धतीने टनात हिशोब करतो, कारण पाण्याचं वजन १ घनमीटरला १ टन आणि आकडे डोक्यात राहतात. ज्यांना किलोन्यूटन हवेत त्यांनी ९.८१ ने गुणावं.

पाण्याचा दाब पृष्ठभागावर शून्य आणि खाली प्रत्येक मीटरला प्रति चौरस मीटर १ टनाने वाढत जातो. ३ मीटर खोलीवर तो ३ टन होतो. आलेख काढला तर त्रिकोण: वर टोक, खाली पाया. मागे जलाशय किती पसरलाय, किती टीएमसी पाणी साठलंय, याने काही फरक पडत नाही. गेटला फक्त खोली कळते. डच अभियंता सिमोन स्टेविनने हे १५८६ मध्येच मांडलं होतं, तरी ‘धरण फुल्ल आहे, दाब जास्त असणार’ हे वाक्य पाणी त्याच पातळीला असतानाही ऐकू येतं.

पाणी बरोबर गेटच्या माथ्याला असेल तर सरासरी दाब मध्यावरचा, म्हणजे दीड मीटर खोलीवरचा दीड टन. गेटचं क्षेत्रफळ ६ चौरस मीटर. एकूण बल ९ टन. इथपर्यंत कुणाचं चुकत नाही. चूक होते ती पुढच्या पायरीला. सरासरी दाब मध्यावरचा घेतला म्हणून हे ९ टन मध्यावर बसतात, असं नकळत धरलं जातं. बलाचं माप काढायला मध्यावरचा दाब चालतो. बलाची जागा मात्र मध्यावर नसते, कारण खालच्या अर्ध्या भागाने वरच्यापेक्षा जास्त वाटा उचललेला असतो. परिणामी बलाची क्रियारेषा त्रिकोणाच्या गुरुत्वमध्यातून जाते, म्हणजे पृष्ठभागापासून २ मीटर खाली, तळापासून १ मीटर वर. गेटचा मध्य तळापासून दीड मीटरवर आहे. फरक अर्ध्या मीटरचा, आणि आपला गर्डर त्या अर्ध्या मीटरने वाकवलाय.

कसा ते बघू. गर्डर सारख्या अंतरावर आहेत, म्हणजे माथ्यापासून ०.५, १.५ आणि २.५ मीटरवर. प्रत्येकाच्या वाट्याला गेटचा एकेक मीटरचा पट्टा येतो. y1 ते y2 खोलीच्या पट्ट्यावरचं बल टनात असं निघतं, b ही गेटची रुंदी, सगळी मापं मीटरमध्ये:

```
F = b/2 * (y2^2 - y1^2)
```

रुंदी २ मीटर असल्यामुळे b/2 बरोबर १ होतो. वरचा पट्टा १ − ० = १ टन. मधला ४ − १ = ३ टन. खालचा ९ − ४ = ५ टन. बेरीज ९. एकास तीन, तीनास पाच. डिझाइनच्या कागदावर मात्र ९ भागिले ३ करून प्रत्येकी ३ टन लिहिलेले असतात. मधल्या गर्डरला ते बरोबर लागू पडतात. वरचा फुकट उभा आहे आणि खालच्याच्या डोक्यावर दोन टन जास्त बसलेत.

पट्टे पाडताना क्रियारेषेची पडताळणीही आपोआप होते. प्रत्येक पट्ट्याचं बल त्याच्या स्वतःच्या दाबकेंद्रावर, म्हणजे ते बल जिथे बसतं त्या खोलीवर ठेवून (०.६६७, १.५५६ आणि २.५३३ मीटर खोलीवर) आघूर्ण घेतलं की बेरीज १८ टन-मीटर येते. भागिले ९ केलं की २ मीटर. ही जुळणी आली नाही तर पट्ट्यांच्या हिशोबात कुठेतरी घोळ आहे, पुढे जाऊ नका.

आता ताण. दोन्ही बाजूंच्या खाचांवर टेकलेला २ मीटरचा गर्डर, त्यावर लांबीभर सारखा पसरलेला ५ टन भार. मधोमध वाकवणारं आघूर्ण ५ × २ ÷ ८ = १.२५ टन-मीटर. आयएसएमसी १२५ चा सेक्शन मॉड्युलस, म्हणजे वाकण्याला विरोध करण्याचं त्याचं माप, ६६.६ घन सेंटीमीटर. ताण येतो प्रति चौरस सेंटीमीटर सुमारे १८७५ किलो. स्किन प्लेट चॅनलला जोडून थोडी मदत करते, ती मी धरलेली नाही. साध्या माइल्ड स्टीलचं यिल्ड, म्हणजे ज्या ताणाला ते कायमचं वाकायला लागतं तो ताण, साधारण २५५० किलो. म्हणजे कागदावर तरी गर्डर अजून वाकायला नको. तीन टन धरणाऱ्याला हाच ताण ११२५ दिसला होता, म्हणून तो निर्धास्त होता.

तरीही तो वाकतो. कारण पाणी माथ्यावर थांबत नाही.

पुरात ६० सेंटीमीटर जास्त, आणि हिशोब पालटतो

ब्रेस्ट वॉलवर पुराची खूण बघा. गाळाची रेघ किंवा अडकलेला पालापाचोळा बहुतेक ठिकाणी दिसतोच. समजा ती गेटच्या माथ्यापासून ६० सेंटीमीटर वर आहे. गेट बंद आहे, कालवा कोरडा आहे. आता गेटच्या माथ्यावरच ०.६ टन दाब आहे आणि तळाला ३.६ टन. त्रिकोण राहिला नाही, समलंब चौकोन झाला.

एकूण बल: मध्याची खोली २.१ मीटर, गुणिले ६, म्हणजे १२.६ टन. पाणी पाचव्या हिश्श्याने वाढलं आणि बल ४० टक्क्यांनी. खालच्या पट्ट्याची खोली आता २.६ ते ३.६ मीटर, त्याच्या वाट्याला ६.२ टन. ताण प्रति चौरस सेंटीमीटर २३२५ च्या आसपास. अजूनही यिल्डच्या खाली, पण निसटता. आता गंज धरा. खालचा गर्डर कायम ओला, त्यात गाळ साचलेला, चॅनलच्या पोटात पाणी थांबतं. फ्लँज झिजून सेक्शन मॉड्युलस १५ टक्के जरी घटला तरी ताण २७०० च्या वर जातो. गर्डर वाकला, आणि पाणी उतरल्यावर सरळ झाला नाही. ही तुमची ‘दर पावसाळ्यातली’ तक्रार. वरून दर वेळी गॅसने तापवून सरळ केलेला धातू पहिल्यासारखा राहत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी तो आणखी लवकर वाकतो.

या स्थितीत क्रियारेषा कुठे गेली? इथेच दुसरी नेहमीची चूक होते. पाठ असतं ‘तळापासून एक तृतीयांश’, आणि ते कुठल्याही गेटला लावलं जातं. तो नियम पाणी गेटच्या माथ्याला असतानाचाच आहे, म्हणजे दाबाचा आकार पूर्ण त्रिकोण असतानाचा. पाणी माथ्याच्या वर गेलं की समलंबाचे दोन तुकडे करा. एक आयत: ०.६ टन दाब पूर्ण ६ चौरस मीटरवर, म्हणजे ३.६ टन, बसतात गेटच्या मध्यावर, तळापासून १.५ मीटर. एक त्रिकोण: आधीचाच ९ टनांचा, तळापासून १ मीटरवर. तळाभोवती आघूर्ण ५.४ अधिक ९, म्हणजे १४.४ टन-मीटर. भागिले १२.६. तळापासून १.१४ मीटर.

म्हणजे पूर चढला तशी क्रियारेषा तळाकडून मध्याकडे वर सरकली. बल वाढतं आणि त्याच वेळी ते गेटवर जास्त सारखं पसरतं, कारण आयताचा वाटा वाढत जातो. पट्ट्यांमध्येही हेच दिसतं. वरच्या गर्डरवर १ टनाचे २.२ झाले, दुपटीहून जास्त. मधल्यावर ३ चे ४.२. खालच्यावर ५ चे ६.२, म्हणजे जेमतेम पावपट वाढ. हे लक्षात ठेवा, दुरुस्तीच्या वेळी हेच आडवं येतं.

एक फटकन करायची चाचणी सांगतो. क्रियारेषा गेटच्या मध्याच्या वर कधीच येऊ शकत नाही. दाब खाली वाढत जातो, तेव्हा तोल खालीच जाणार. धरणाच्या पोटातल्या खोल स्लुइसच्या हिशोबात हे हमखास चुकलेलं सापडतं. असंच २ × ३ मीटरचं गेट घ्या, माथ्यावर ३ मीटर पाणी. कुणीतरी एकूण खोली ६ मीटर धरून तिचा दोन तृतीयांश घेतो आणि दाबकेंद्र ४ मीटर खोलीवर लिहितो. गेटचा मध्य ४.५ मीटरवर आहे! दाबकेंद्र मध्याच्या वर गेलं, म्हणजे उत्तर बघताक्षणी खोडायचं. बरोबर उत्तर ४.६७ मीटर, मध्याच्या फक्त १७ सेंटीमीटर खाली, आणि बल २७ टन. सूत्रच वापरायचं तर:

```
y_cp = y_c + I / (A * y_c)
```

इथे y_c म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागापासून गेटच्या मध्यापर्यंतची खोली A गेटचं क्षेत्रफळ, आणि I गेटच्या स्वतःच्या मध्याभोवतीचा मोमेंट ऑफ इनर्शिया, h उंचीच्या आयतासाठी b*h^3/12. y_cp म्हणजे दाबकेंद्राची खोली. दोन जागी घसरतात लोक: y_c गेटच्या माथ्यापासून मोजतात, किंवा I तळाभोवतीचा घेतात. खोली जसजशी वाढते तसा दुसरा भाग लहान होत जातो. म्हणून फार खोल आणि लहान गेटमध्ये बल मध्यावरच आहे असं धरलं तरी फारसं बिघडत नाही. कालव्याच्या उथळ गेटमध्ये मात्र सगळा फरक त्याच भागात आहे.

गर्डर कुठे हलवायचे

गर्डर हलवायला तयार झालेला माणूस पुस्तकातली सोपी रीत उचलतो: दाबाच्या त्रिकोणाचे सारख्या बलाचे तीन तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याच्या दाबकेंद्रावर एक गर्डर ठेवा. पाणी माथ्याला असताना आपल्या गेटसाठी तुकड्यांच्या सीमा माथ्यापासून १.७३ आणि २.४५ मीटरवर येतात, आणि गर्डर १.१५, २.११ व २.७३ मीटरवर. प्रत्येकावर बरोबर ३ टन. दिसायला झकास. तिन्ही खोल्यांची सरासरी २ मीटर येते, म्हणजे क्रियारेषेशीही जुळतं.

मी हे करत नाही. कारण गेट जिथे वाकतं तो क्षण हा नाही. पुराच्या ६० सेंटीमीटरसह याच तुकड्यांवर हिशोब घाला. वरच्या तुकड्यावर ५.१ टन येतात, मधल्यावर ३.९ आणि खालच्यावर ३.७. खालचा गर्डर वाचला आणि वरचा अडचणीत आला. पुढच्या वर्षी तक्रार येईल, फक्त वरच्या गर्डरची. वरचा तुकडा पावणेदोन मीटर उंच आहे, आणि आयताचा वाढीव दाब नेमका मोठ्या तुकड्यावर जास्त बसतो.

तुकडे पुराच्या पातळीवर पाडा. एकूण १२.६ टन, प्रत्येकी ४.२. पृष्ठभागापासून खोल्या मोजत वरच्याच सूत्राने सीमा काढायच्या: माथ्यावरची खोली ०.६, तिचा वर्ग ०.३६. त्यात ४.२ मिळवले की ४.५६, वर्गमूळ २.१४. आणखी ४.२ मिळवले की ८.७६, वर्गमूळ २.९६. शेवटी १२.९६, म्हणजे ३.६, तळ. प्रत्येक तुकड्याचं दाबकेंद्र असं निघतं:

```
y = 2/3 * (y2^3 - y1^3) / (y2^2 - y1^2)
```

उत्तरं पृष्ठभागापासून १.५१, २.५७ आणि ३.२९ मीटर. त्यातून ६० सेंटीमीटर वजा केले की गर्डरच्या जागा गेटच्या माथ्यापासून ०.९१, १.९७ आणि २.६९ मीटर. पृष्ठभागापासूनच्या तिन्ही खोल्यांची सरासरी २.४६ येते. समलंबाची क्रियारेषाही तिथेच आहे, तळापासून १.१४ मीटर वर. एवढं जुळलं की जागा पक्क्या.

आता पाणी पुन्हा माथ्याला उतरलं तर? तेच तुकडे, त्रिकोणाचा दाब: २.४, ३.२ आणि ३.४ टन. कुणावरही ४.२ च्या वर नाही. पुरासाठी बसवलेले गर्डर रोजच्या पाण्यात सुरक्षित राहतात, रोजच्या पाण्यासाठी बसवलेले पुरात राहत नाहीत. जागा ठरवताना पुराची खूण आधी मोजायला सांगतो ते यासाठीच.

जागा बदलून भागेल का? ४.२ टनांचं आघूर्ण १.०५ टन-मीटर, आयएसएमसी १२५ वर ताण सुमारे १५७५. पहिल्या २३२५ पेक्षा खूप बरा. पण गंजाला जागा ठेवायची आणि वाकही आटोक्यात आणायचा, तर मी आयएसएमसी १५० घेईन. त्याचा सेक्शन मॉड्युलस सुमारे १०४, ताण हजाराच्या आसपास. वाक पुरातही ३ मिलीमीटरच्या आत राहतो, त्यामुळे तळाचं रबर सिल बीमवरून घसरत नाही. आहे त्या गेटला चॅनल १५० चा लावायचा तर गर्डरची खोली २५ मिलीमीटरने वाढते. खाचेत आणि ब्रेस्ट वॉलच्या मागे तेवढी जागा आहे का ते आधी मोजा. नसेल तर १२५ च्याच चॅनलच्या मागच्या फ्लँजवर मधल्या दोन तृतीयांश लांबीत पट्टी वेल्ड करणं हा दुसरा मार्ग, पण आधी गंजलेला भाग कापून काढल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

गर्डर हलवले की त्यांच्यामधली प्लेट विसरू नका. सगळ्यात मोठा मोकळा गाळा आता वरच्या आणि मधल्या गर्डरमध्ये, १.०६ मीटरचा. तिथे उभे स्टिफनर आहेत का बघा. नसतील तर तीन-चार अँगल लावून घ्या, नाहीतर गर्डर सरळ राहतील आणि प्लेट फुगेल. चॅनल बसवताना पोट खालच्या बाजूला उघडं राहील असं बसवा, किंवा वेबमध्ये, म्हणजे चॅनलच्या मधल्या सपाट पट्टीत, पाणी निथळायला भोकं पाडा. गाळ तिथेच साचतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

कालव्यातलं पाणी हिशोबात कधी धरायचं

दुरुस्तीचा प्रस्ताव तपासताना कधी कधी उलटा आक्षेप येतो: कालव्याच्या बाजूलाही १ मीटर पाणी असतं, मग इतकं बल येईलच कसं? प्रश्न रास्त आहे, पण उत्तर काढताना फरक चुकीचा घेतला जातो. वर ३ मीटर, खाली १ मीटर, फरक २ मीटर, म्हणून २ मीटरचा त्रिकोण, ४ टन. हे चूक. दोन्ही बाजूंचे त्रिकोण वेगवेगळे काढायचे आणि बलं वजा करायची. वरून ९ टन, खालून १ टन, शिल्लक ८ टन. दुप्पट फरक!

का ते दाबाच्या आलेखात स्पष्ट दिसतं. वरच्या २ मीटरमध्ये समोरून काहीच दाब नाही, तिथे त्रिकोण. खालच्या १ मीटरमध्ये दोन्हीकडून दाब सारख्याच गतीने वाढतो, म्हणून फरक कायम २ टन राहतो, तिथे आयत. फरकाचा त्रिकोण धरणाऱ्याने हा खालचा आयत, म्हणजे ४ टन, सोडूनच दिलेला असतो. क्रियारेषा तळाभोवती आघूर्ण घेऊन: ९ × १ वजा १ × ०.३३, भागिले ८, तळापासून १.०८ मीटर. इथेही ती मध्याकडे किंचित सरकली.

पण डिझाइनमध्ये कालव्यातलं पाणी धरू नका. पुराच्या वेळी गेट बंद असतं आणि कालवा बहुधा रिकामा. मदत करणारं पाणी नेमकं गरजेच्या दिवशी नसतं.

गेट अर्धवट उघडं असेल तर

वरचा सगळा हिशोब बंद गेटचा. गेट थोडं उचललं की तळाच्या ओठाखालून पाणी वेगाने सुटतं आणि ओठाजवळचा दाब झपाट्याने उतरतो. अगदी ओठावर तो जवळपास हवेच्या दाबाइतकाच राहतो. पाणी स्थिर नसतं, म्हणून तळाशी त्रिकोणाचा पाया गायब होतो. एकूण बल स्थिर पाण्याच्या हिशोबापेक्षा कमी आणि क्रियारेषा थोडी वर. तेव्हा गर्डरसाठी बंद गेटचा हिशोब सुरक्षित बाजूला आहे. फक्त एक: उघड्या गेटमध्ये खालच्या गर्डरला किंवा ओठाला पाण्याचा झोत लागत असेल तर गेट थरथरतं. ती वेगळी तक्रार आहे आणि ती ताणाच्या गणिताने सुटत नाही. खालचा गर्डर नव्या जागी ओठापासून ३१ सेंटीमीटरवर येतो. गेट थोडं उघडून झोत त्याला शिवतो का, ते दुरुस्तीनंतर पहिल्याच आवर्तनाला बघून घ्या.

दुरुस्ती झाल्यावर पाणी माथ्याला आलं की दोरीचं माप पुन्हा घ्या. आयएसएमसी १५० बसवला असेल तर वरच्या गर्डरला दीड-पावणेदोन मिलीमीटर आणि खालच्या दोघांना सव्वादोनच्या आसपास वाक दिसायला हवा. खालच्याला अजूनही वरच्याच्या पाचपटीच्या आसपास वाक येत असेल, तर फॅब्रिकेटरने गर्डर जुन्याच भोकांवर बसवलेत. माथ्यापासून टेप लावा, ०.९१, १.९७ आणि २.६९ येतंय का बघा, आणि बिलावर सही त्यानंतर करा.